कुठल्याच ॲपवर नसलेला जुना मराठी चित्रपट कायदेशीरपणे कुठे पाहता येईल? शोधाचा नेमका क्रम

जुना चित्रपट शोधणारे बहुतेक जण पहिल्याच पायरीवर चुकतात. ते विचारतात, "हा कुठल्या ॲपवर आहे?" चार मोठ्या ॲपांवर नाव टाकतात, काही दिसत नाही. मग टेलिग्रामवरची कुणीतरी पाठवलेली लिंक उघडतात, नाहीतर "आता मिळतच नाही" म्हणून सोडून देतात. खरं तर विचारायचं असतं ते वेगळंच: या चित्रपटाचा आजचा मालक कोण? मालक सापडला की चित्रपट कुठे आहे ते बहुतेक वेळा त्याच्याकडूनच कळतं.

खालचा क्रम मी माझ्या आत्यासाठी केलेल्या शोधावरून लिहिला आहे. आत्या वेंगुर्ल्याजवळ राहते, वय ८२. तरुणपणी तंबू थिएटरात पाहिलेला एक कृष्णधवल कौटुंबिक चित्रपट तिला पुन्हा पाहायचा होता. चित्रपटाचं नाव इथे देत नाही, कारण ज्या कुटुंबाकडे त्याचे हक्क आहेत त्यांनी तशी विनंती केली आहे. बाकी तपशील जसे घडले तसे दिले आहेत.

## पूर्वतयारी: आधी एक वही

शोध चार दिवसांचा असेल असं वाटतं, पण तो चार महिने चालतो. म्हणून एका वहीत किंवा फोनमधल्या एका नोंदीत पाच गोष्टींसाठी जागा सोडा: चित्रपटाचं नाव आणि इंग्रजी अक्षरांत ते किती प्रकारे लिहिलं जाऊ शकतं ते, प्रदर्शनाचं साल, दिग्दर्शक, निर्मिती संस्था, आणि "कुणाला कधी विचारलं, काय उत्तर आलं". प्रत्येक माहितीपुढे ती कुठून मिळाली तेही लिहा. आमच्या शोधात साल दोन ठिकाणी वेगवेगळं निघालं आणि कुठलं कुठून आलं हे लिहिलेलं होतं म्हणूनच निभावलं.

मोठ्या ॲपांवरची तपासणी अर्ध्या तासात उरका. JustWatch सारखी साइट बऱ्याच सेवा एकदम दाखवते, पण तिच्या यादीत नसलेल्या छोट्या सेवा तिला दिसत नाहीत. त्यामुळे अल्ट्रा झकास हे मराठी ॲप आणि प्रसार भारतीचं वेव्हज वेगळं उघडून पाहा. तिथेही नसेल तर खाली चला.

## टप्पा १: चित्रपट नेमका कुठला ते पक्कं करा

आठवणीतलं नाव बहुधा अर्धवट असतं. लोकांना गाणं आठवतं आणि तेच चित्रपटाचं नाव म्हणून मनात बसतं. आत्याचंही तसंच झालं होतं. ती सांगत होती ते नाव प्रत्यक्षात एका गाण्याचा मुखडा होता. म्हणून वयस्कर माणसाला नाव विचारण्याआधी हे विचारा: गाणं कुठलं, नायिकेचं काम कुणी केलं, शेवटी काय होतं, चित्रपट कुठे आणि कुणाबरोबर पाहिला.

साल विचारायची पद्धत जरा वेगळी. थेट साल कुणालाच आठवत नाही, घटना आठवतात. मी आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तो भूकंप झाल्लो मां, तेच्या फुडच्या शिमग्यात." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे तिने चित्रपट १९६८ च्या मार्चच्या सुमारास पाहिला.

सावधान: पाहिल्याचं साल म्हणजे प्रदर्शनाचं साल नव्हे. तंबू थिएटरांत चित्रपट शहरात झळकल्यावर वर्ष-दोन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा यायचे, तेही वापरून झिजलेल्या प्रिंटवर. कोकणातल्या आठवणींवरून साल काढताना त्या सालाला "याच्या नंतरचा नाही" एवढाच अर्थ द्या. मागे सात-आठ वर्षं शोधा.

गाण्याच्या ओळीवरून चित्रपटाचं नाव मिळवणं सोपं आहे, कारण गाण्यांच्या याद्या चित्रपटांच्या याद्यांपेक्षा चांगल्या ठेवलेल्या असतात. नाव मिळालं की `indiancine.ma` वर पाहा. ही भारतीय चित्रपटांची खुली नोंदवही आहे. साल, दिग्दर्शक, कलाकार अशी माहिती तिथे मिळते आणि काही जुन्या चित्रपटांचा व्हिडिओही आहे.

त्यानंतर त्याच नावाचा दुसरा चित्रपट आहे का ते बघा. ही पायरी गाळल्याने पुढे खूप वेळ वाया जातो. 'श्यामची आई' हे उदाहरण घ्या. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा आणि सुजय डहाके यांचा २०२३ चा, नाव एकच, मूळ पुस्तक एकच, आणि दोन्ही कृष्णधवल. लहान चित्रावरून कुणीही फसेल.

तपासणी: नाव, दिग्दर्शक आणि एक तरी गाणं या तिन्ही गोष्टी एकाच चित्रपटाच्या आहेत हे दोन वेगळ्या ठिकाणी जुळलं का? जुळलं असेल तरच पुढे जा.

## टप्पा २: प्रदर्शनाचं साल पक्कं करा, कारण हक्क त्यावर ठरतात

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरचा कॉपीराइट, तो प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे हिशेब सोपा आहे: प्रदर्शनाच्या सालात ६० मिळवा, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुदत संपते. १९५३ चा चित्रपट १ जानेवारी २०१४ पासून खुला झाला. १९६५ च्या चित्रपटाची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपते, १९६६ च्या चित्रपटाची ३१ डिसेंबर २०२६ ला.

मुदत संपलेल्या चित्रपटाची प्रत `archive.org` सारख्या ठिकाणी कुणी ठेवली असेल, तर चित्रपटापुरता प्रश्न उरत नाही. मात्र कथा आणि गीतं यांचा हिशेब स्वतंत्र असतो: लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. घरी बसून पाहणाऱ्याला याचा अडथळा होत नाही, पण तुम्हीच तो चित्रपट कुठे चढवायला निघालात तर होईल. शिवाय `archive.org` वर चढवणारे बरेच जण साल न तपासताच चढवतात, त्यामुळे तिथे आहे म्हणजे खुला आहे असं समजू नका.

आता आमच्या चित्रपटाचं साल. एका साइटवर १९६१ होतं, दुसरीकडे १९६६. पहिलं खरं असेल तर चित्रपट खुला, दुसरं खरं असेल तर अजून बंद. फरक केवढा मोठा!

आत्याच्या लोखंडी ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली, त्या चित्रपटाच्या गाण्यांची चोपडी निघाली. थिएटरच्या दारात विकायचे तसली, पिवळ्या कागदाची, आठ पानी, टाचणीच्या जागी गंजाचे दोन डाग पडलेली. मागच्या पानावर खाली किंमत होती: १५ पैसे. नये पैसे नव्हे, नुसतेच पैसे. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला आणि 'नये' हा शब्द अधिकृतपणे गळला १ जून १९६४ ला. म्हणजे चोपडी बहुधा १९६४ च्या मध्यानंतर छापलेली, आणि १९६१ हे साल संशयास्पद. किंमत आण्यांत असती तर चोपडी १९५७ च्या आधीची किंवा निदान त्याच सुमाराची ठरली असती.

छापखाने जुने शब्द लगेच टाकत नसत आणि चोपड्या पुन्हाही छापल्या जात. तेव्हा हा एकटा पुरावा पुरेसा नाही. पक्कं साल मिळतं ते जुन्या दैनिकातल्या जाहिरातीतून: "आजपासून" या शब्दाखाली थिएटरांची नावं असलेली चौकट. बांधीव फाइली ठेवणाऱ्या वाचनालयात ती शोधावी लागते. मी मुंबईला दुसऱ्या कामासाठी गेलो असताना दोन दुपारी त्यात घातल्या आणि १९६६ पक्कं झालं.

सावधान: चित्रपटाच्या सुरुवातीला दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरची तारीख ही प्रदर्शनाची तारीख नसते. डिसेंबरात प्रमाणपत्र मिळून चित्रपट पुढच्या वर्षी लागला असेल तर मुदत त्या पुढच्या वर्षावरून मोजायची. व्हीसीडीच्या वेष्टणावरच्या प्रमाणपत्रावर तर मुळीच विसंबू नका. व्हिडिओ आवृत्तीला वेगळं प्रमाणपत्र घेतलेलं असू शकतं आणि त्यावर मूळ चित्रपटानंतर कित्येक वर्षांची तारीख असते.

## टप्पा ३: आजचा मालक शोधा

चोपडीच्या मागच्या पानावर सहसा दोन नावं असतात, निर्मात्याचं आणि वितरकाचं. लोक वितरकाच्या मागे लागतात, कारण त्याचा पत्ता ठळक छापलेला असतो. पत्त्यात 'नाझ, लॅमिंग्टन रोड' असं असेल तर ती बहुधा वितरकाची कचेरी समजा. नाझ सिनेमाच्या आवारात मुंबईतल्या वितरकांच्या कचेऱ्या एकवटलेल्या होत्या. वितरकाला ठरावीक भागात ठरावीक काळ चित्रपट लावायचा हक्क असायचा, आणि तो काळ केव्हाच संपलेला असतो. तुम्हाला हवी निर्मिती संस्था, तिचे वारस, किंवा त्यांनी ज्याला निगेटिव्हचे हक्क विकले तो.

तिथे पोहोचायचा सर्वांत खात्रीचा रस्ता म्हणजे जुनी व्हीसीडी किंवा व्हिडिओ कॅसेट. डिस्कपेक्षाही तिचं वेष्टण महत्त्वाचं! कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ नुसार व्हिडिओ काढणाऱ्याने वेष्टणावर तीन गोष्टी छापायच्या असतात: सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि त्याने मालकाची परवानगी घेतल्याचं निवेदन, आणि कॉपीराइटच्या मालकाचं नाव-पत्ता. म्हणजे ज्या माहितीसाठी तुम्ही महिनोन्महिने फिरता ती वेष्टणाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असते.

व्हीसीडी तुमच्याकडे असायला हवी असंही नाही. जुन्या वस्तू विकणाऱ्या साइटवर कुणीतरी विकायला काढलेली असते आणि फोटो टाकलेला असतो. विक्रेत्याला निरोप करा, "मागच्या बाजूचा फोटो उजेडात काढून पाठवाल का?" बहुतेक जण पाठवतात. आम्हाला फोटो मिळाला तो कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडून. व्हिडिओ काढणारी कंपनी वेगळी होती आणि मालक म्हणून एका बाईंचं नाव होतं, पत्ता दादरचा. निर्मात्यांच्या त्या सून निघाल्या.

इथे एक चूक हमखास होते: व्हिडिओ काढणाऱ्यालाच मालक समजणं. व्हिडिओचे हक्क, टीव्हीवर दाखवायचे हक्क आणि इंटरनेटचे हक्क वेगवेगळे विकले जातात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षांची धरतो. वीस वर्षांपूर्वी व्हीसीडी काढणाऱ्या कंपनीकडे आज काहीही हक्क उरलेले नसतील, अशी शक्यता बरीच आहे.

वेष्टण मिळालंच नाही तर कोल्हापूरच्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाला निर्मिती संस्थेचं नाव देऊन विचारा. इंपा म्हणून ओळखली जाणारी मुंबईतली निर्मात्यांची संघटनाही आहे. नुसतं चित्रपटाचं नाव देऊन विचारू नका, निर्मिती संस्थेचं नाव आणि साल द्या. म्हणूनच टप्पा १ आणि २ आधी.

## टप्पा ४: मालकाच्या नावाने शोधा

आता पुन्हा यूट्यूबवर जा, पण चित्रपटाच्या नावाने नको. मालकाच्या, निर्मिती संस्थेच्या आणि व्हिडिओ कंपनीच्या नावाने जा. त्यांचं चॅनल सापडलं की त्यातले सगळे व्हिडिओ स्वतः खाली सरकवत बघा. शोधचौकटीवर विसंबू नका, कारण मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहिताना कुणी काय लिहील सांगता येत नाही. चित्रपटाच्या नावाने शोधायचंच असेल तर निदान इतके प्रकार टाका:

```
"Shyamchi Aai" 1953
"Shamchi Aai" full movie
"Shyamchi Aayi" Marathi
"श्यामची आई" संपूर्ण चित्रपट
```

आणि लांबीच्या गाळणीत २० मिनिटांपेक्षा मोठे व्हिडिओ निवडा, नाहीतर गाण्यांच्या तुकड्यांत चित्रपट बुडून जातो.

काही सापडलं तर ते अधिकृत आहे का ते ओळखायला शिका. चॅनलच्या नावात 'ऑफिशियल' असणं म्हणजे काहीच नव्हे, तो शब्द कुणीही लावतो. याकडे बघा:

- चॅनलवर एकाच निर्मिती संस्थेचे किंवा एकाच कंपनीचे चित्रपट आहेत, की मिळेल ते सगळं कोंबलेलं आहे?
- चित्र आरशातल्यासारखं उलटं आहे का? श्रेयनामावलीतली अक्षरं उलटी दिसली की समजा, यूट्यूबची यंत्रणा चुकवण्यासाठी केलेलं आहे. चौकट लावून लहान केलेलं चित्र आणि किंचित वेगाने पळणारा आवाज यांचाही हेतू तोच.
- कोपऱ्यात धूसर केलेला चौकोन आहे का? तिथे टीव्ही वाहिनीचा लोगो होता.
- चॅनलच्या माहितीत संपर्काचा पत्ता आहे का, आणि तो वेष्टणावरच्या नावाशी कुठेतरी जुळतो का?

आमचा चित्रपट या टप्प्यावर एका ठिकाणी सापडला होता. शीर्षकात १९६१, खालच्या उजव्या कोपऱ्यात धूसर चौकोन, खाली टेलिग्रामची लिंक. आत्याचा नातू म्हणाला, "दाखवून टाकूया की तिला." मी नको म्हटलं, कारण साल १९६६ हे तोवर कळलं होतं आणि मालकीणबाईंचा पत्ता हातात होता. त्यांना विचारण्याआधी त्यांचा चित्रपट चोरून बघणं मला पटलं नाही.

## टप्पा ५: मालकाला पत्र लिहा

फोन नंबर असला तरी आधी लेखी विचारा. जुन्या निर्मात्यांच्या घरी असले फोन येतात ते बहुधा फुकट प्रत मागणाऱ्यांचे किंवा स्वस्तात हक्क विकत घ्यायला बघणाऱ्यांचे. पत्रात तुम्ही यांतले नाही हे पहिल्या दोन वाक्यांत कळलं पाहिजे. आमचं पत्र साधारण असं होतं:

> सप्रेम नमस्कार. आपल्या कुटुंबाच्या संस्थेने निर्माण केलेला १९६६ सालचा चित्रपट माझ्या ८२ वर्षांच्या आत्याला घरी पुन्हा पाहायचा आहे. जुन्या व्हीसीडीच्या वेष्टणावर हक्कधारक म्हणून आपलं नाव आहे, त्याचा फोटो सोबत जोडला आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चित्रपटाचे हक्क आज आपल्याकडेच आहेत का? नसतील तर कुणाकडे दिले आहेत? तो सध्या अधिकृतपणे कुठे पाहता येतो, किंवा त्याची प्रत विकत मिळते का? योग्य ती किंमत द्यायची आमची तयारी आहे. आम्हाला हक्क विकत घ्यायचे नाहीत, चित्रपट कुठे चढवायचाही नाही.

दुसरा प्रश्न गाळू नका. हक्क विकून टाकले असतील तर कोरडं "आमच्याकडे नाही" एवढंच उत्तर येतं आणि धागा तुटतो.

आमचं पहिलं पत्र "पत्त्यावर राहत नाहीत" असा शेरा घेऊन परत आलं. असं झालं तर त्याच मालकाच्या दुसऱ्या चित्रपटांची वेष्टणं शोधा, जितकी नवी तितकी चांगली. त्याच संस्थेच्या दुसऱ्या चित्रपटाच्या, नंतर निघालेल्या डीव्हीडीवर ठाण्याचा पत्ता मिळाला. दुसरं पत्र तिथे रजिस्टर्ड एडीने पाठवलं आणि अठराव्या दिवशी ईमेल आला. चित्रपट त्यांच्या मुलाने तीन वर्षांपूर्वीच यूट्यूबवर घरच्या छोट्या चॅनलवर दोन भागांत ठेवला होता! शीर्षक इंग्रजी अक्षरांत, एक स्वर जास्तीचा, साल नाही, 'मराठी' हा शब्द नाही. आम्ही टाकलेल्या एकाही शब्दजुळणीत तो बसत नव्हता.

तपासणी: उत्तरात मालकाने लिंक दिली असेल तर तीच उघडा आणि ईमेल जपून ठेवा. वाडीत किंवा शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवायचा विचार असेल तर त्यासाठी वेगळी लेखी परवानगी लागते. घरी पाहणं आणि सार्वजनिक प्रदर्शन या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## टप्पा ६: मूळ डिस्क विकत घेणार असाल तर

मालक सापडला नाही, किंवा सापडून उत्तर देत नाही, तेव्हा मूळ व्हीसीडी विकत घेऊन घरी पाहणं हा सरळ मार्ग आहे. वेष्टणावर टप्पा ३ मधल्या तिन्ही गोष्टी छापलेल्या असल्या पाहिजेत. पांढऱ्या डिस्कवर मार्करने नाव लिहिलेली प्रत घेऊ नका, ती कुणीतरी घरी केलेली नक्कल असते.

पूर्ण चित्रपट एका व्हीसीडीत मावत नाही, दोन किंवा तीन डिस्क असतात. विक्रेत्याला सगळ्या आहेत का ते विचारा आणि प्रत्येकीच्या चमकत्या बाजूचा फोटो मागवा. कोकणातल्या दमट हवेत डिस्कवर पांढुरकी बुरशी धरते, पावसाळ्यात बंद कपाटात तर नक्कीच. ती वरवरची असेल तर स्वच्छ पाण्यात ओलसर केलेल्या मऊ कापडाने, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा डिस्कच्या रेघेबरोबरच धावतो, म्हणून तो आडव्या ओरखड्यापेक्षा जास्त नुकसान करतो. उजेडासमोर धरल्यावर आरपार टाचणीएवढी छिद्रं दिसली तर मात्र वरचा चंदेरी थर गेलेला आहे, ती डिस्क घेऊ नका.

नव्या लॅपटॉपला डिस्कची खाच नसते, यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह लागतो. डिस्क आपोआप सुरू झाली नाही तर आतला `MPEGAV` हा फोल्डर उघडा आणि `AVSEQ01.DAT` ही फाइल व्हीएलसीमध्ये चालवा.

## टप्पा ७: प्रत पूर्ण आहे का ते मोजा

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. टीव्हीसाठी आणि व्हीसीडीसाठी चित्रपट सर्रास कापले गेले, आणि कात्री आधी गाण्यांवर चालली.

सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर चित्रपट थांबवा. तिथे लांबी दिलेली असते, मीटरमध्ये किंवा फुटांत. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर पळते. आमच्या प्रमाणपत्रावर ३,७०० मीटर होतं, म्हणजे साधारण १३५ मिनिटं. यूट्यूबवरचे दोन्ही भाग मिळून ११९ मिनिटं भरले.

पण लगेच "१६ मिनिटं कापली" असं म्हणू नका. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, आपल्याकडचा जुना व्हिडिओ २५ चौकटींनी. त्यामुळे व्हिडिओवर उतरवलेला चित्रपट चार टक्के लवकर संपतो आणि १३५ मिनिटांचा चित्रपट काही न कापताही १३० मिनिटांत बसतो. म्हणजे खरोखर गेली ती ११ मिनिटं. चोपडीत सात गाणी होती, व्हिडिओत पाच. हिशेब जुळला.

## टप्पा ८: पुण्याचं चित्रपट संग्रहालय

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे आणि २०२२ पासून ते एनएफडीसी या सरकारी चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. लोक एक तर इथूनच सुरुवात करतात, नाहीतर इथे कधी जातच नाहीत. माझ्या मते ही शेवटची पायरी आहे, कारण संग्रहालयात प्रिंट असली तरी तिचे हक्क मालकाकडेच असतात. घरी न्यायला प्रत मिळेल अशा आशेने जाऊ नका. तिथेच बसून पाहण्याची सोय मागता येते, आणि त्यासाठी कारण लेखी द्यावं लागतं.

चिपळूणहून कुंभार्ली घाटाने किंवा सावंतवाडीहून आंबोलीमार्गे पुण्याला जाण्यात अख्खा दिवस जातो. म्हणून आधी पत्र लिहा आणि "चित्रपट आहे का?" एवढंच विचारू नका. "पाहण्यायोग्य प्रत आहे का?" असं विचारा. संग्रहात नुसती निगेटिव्ह असू शकते, ती प्रोजेक्टरवर चालवत नाहीत. किंवा प्रिंटला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटलेला असतो. उष्ण, दमट हवेत ॲसिटेटची फिल्म कुजायला लागते तेव्हा असं होतं, आणि मग फिल्म आक्रसते, दात्यांत बसत नाही.

दक्षिण कोकणातल्यांनी पणजीकडेही लक्ष ठेवावं. २००४ पासून इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दरवर्षी तिथे होतो आणि जुने, दुरुस्त केलेले चित्रपटही दाखवतो. सावंतवाडीहून तिथे जाऊन त्याच दिवशी परत येता येतं.

चित्रपट खरोखर कुठेच नसेल, हीही शक्यता असते. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट या पटकन पेट घेणाऱ्या फिल्मवरच्या जुन्या चित्रपटांची हजारो रिळं जळाली. १९५० च्या आधीचा चित्रपट शोधत असाल तर हे मनात असू द्या, आणि मालकाच्या पत्रात "निगेटिव्ह आपल्याकडे आहे का?" हा चौथा प्रश्न घाला.

आत्याने चित्रपट पाहिला तो मागच्या महिन्यात, पडवीत, नातवाच्या लॅपटॉपवर. पहिल्या भागाच्या शेवटी ती म्हणाली, "हयसर गाणा होता. खय गेला?" आणि चोपडी उघडून तिसरं पान दाखवलं. त्या दोन गाण्यांसाठी मी गेल्या आठवड्यात पुण्याला पत्र टाकलं आहे. चित्रपटाचं नाव, साल, निर्मिती संस्था, प्रमाणपत्रावरची लांबी, मालकीणबाईंचं संमतिपत्र, आणि पहिल्याच ओळीत प्रश्न: ३,७०० मीटरची पाहण्यायोग्य प्रत आहे का?